चाखणीची टोपली

माझ्या मुलाला सगळे तडतड्या म्हणतात. नाव मीच ठेवलंय, लहानपणी चुलीतल्या ओल्या लाकडासारखा तडतडायचा म्हणून. लग्न झालं, मिशा आल्या, पण नाव काही सुटलं नाही आणि स्वभावही. तर हा तडतड्या त्या दिवशी शेडमध्ये बायकोला जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं. कुणी मला सांगू नये की नवरा-बायकोचं भांडण म्हणजे पाण्यावरची रेघ. काही रेघा दगडावर ओढलेल्या असतात.

आमचं काम रेशमाचं. तुतीचा पाला तोडायचा, अळ्यांना घालायचा, अळ्या कोष करतात ते विकायचे. सांगायला सोपं, करायला कंबर मोडते. शेवटच्या दिवसांत तर अळी नुसती खात सुटते. शेडमध्ये उभं राहिलं की पाल्यावर पावसाची सर पडावी तसा खाण्याचा आवाज येतो. त्या दिवसांत माणसानं जेवलं नाही तरी चालतं, अळी उपाशी ठेवून चालत नाही.

यंदा ऊन असं पडलं की तुतीची पानं कडेनं करपली. विहीर खाली गेली. पाला कमी पडायला लागला. शेवटी राहिल्या त्या बांधाकडच्या ओळी. बांधाच्या पलीकडं शेजाऱ्याची भाजी, आणि भाजीवर तो फवारणी करतो. वारा फिरला की ते औषध आमच्या पानांवर बसतं. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, पण अळीच्या पोटात गेलं की संपलंच.

म्हणून सुनेची एक पद्धत होती. बांधाकडचा पाला आला की आधी वेगळ्या टोपलीत मूठभर अळ्या घ्यायच्या, त्यांना चार पानं घालायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचं. त्या जगल्या तर बाकीच्यांना घालायचा. आम्ही तिला चाखणीची टोपली म्हणायचो. तडतड्या हसायचा. म्हणायचा, राजाच्या जेवणालाही कुणी इतकं तपासलं नसेल.

त्या दिवशी ती म्हणाली, "चाखणी घ्या. उद्यापर्यंत थांबू."

"उद्यापर्यंत उपाशी मारू का? परवा ओळी बघितल्यात मी. काही होत नाही."

तो स्वतः पाला तोडून घेऊन आला. भारे खांद्यावरून उतरवले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. सगळ्या रॅकवर पाला पसरला गेला. तिनं पसरला, मी पसरला, कामाच्या दोघी बायका होत्या त्यांनीही पसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आवाजच नव्हता. अळ्यांनी माना वर केल्या होत्या आणि त्या माना गरगर हलवत होत्या. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. दुपारपर्यंत सगळ्या आखडून पडल्या.

बातमी कळली तसे माझे दीर आले, शेजारचे आणखी दोघं-तिघं आले. कुणाचं काही गेलं की बघायला माणसं कशी येतात, तशी. दीर म्हणाले, "अरे, असं कसं झालं? लक्ष नव्हतं का कुणाचं?"

एवढंच निमित्त. तडतड्या सुनेकडं वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्या हातात काही जगतच नाही."

त्यांचं बाळ गेल्याला फार वर्षं झालेली नाहीत. थोडे दिवसच होतं ते. सुनेच्या हातांतच गेलं. हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. कामाच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. दीर छताकडं बघायला लागले, जणू तिथं काही लिहिलंय. मी तडतड्याच्या दंडाला धरलं आणि शेडबाहेर ढकललं. तो गेला, पण शब्द आतच राहिला.

सून रडली नाही. तिनं हातातली टोपली खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. मेलेल्या अळ्या गोळा केल्या. शेडमागं खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. रॅक धुतले. सगळं उरकून हातपाय धुतले आणि पिशवी घेऊन निघाली.

मी म्हटलं, "अगं, अशा उन्हात कुठं?"

"बहिणीकडं. आत्या, उद्या कुणी म्हणायला नको, अर्धं काम टाकून गेली."

मी थांबवलं नाही तिला. कोणत्या तोंडानं थांबवणार?

पुढचे काही दिवस घर म्हणजे नुसत्या भिंती आणि छप्पर. तडतड्या सकाळी उठून तुतीची छाटणी करायला जायचा. कोयता असा चालवायचा, जणू झाडानंच काही पाप केलंय. हाताला फोड आले, फुटले, त्यावर फडकं बांधून पुन्हा छाटणी. बोलायचा नाही. मीही बोलले नाही. मी कशाला बोलू? माझा नवरा, देव त्याचं भलं करो, जन्मात कधी चुकलो म्हणाला नाही. भांडण झालं की चार दिवसांनी बाजारातून काहीतरी आणून चुलीपाशी ठेवायचा. ते मी उचललं की भांडण मिटलं, असा हिशोब. माझी सासू म्हणायची, आणलंय ना त्यानं, मग अजून काय पायावर डोकं ठेवू का तुझ्या? मी गप्प बसायचे आणि उचलायचे. पण मी उचललं म्हणून माझ्या सुनेनं उचलावं असं कुठं लिहिलंय? मला नाही मिळालं म्हणून तिलाही मिळू द्यायचं नाही, हा सासूपणा माझ्याच्यानं होणार नाही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

एक दिवस दुपारी तो विहिरीच्या कडेला बसून फोनवर बोटं आपटत होता. मला बघून म्हणाला, "बघ आई. माफी मागितली तरी भाव खातेय. वाचून दोन दिवस झाले, उत्तर नाही."

"दाखव."

मी चौथीपर्यंत शिकलेय. सावकाश वाचते, पण वाचते. एक गुलाबाचं चित्र, जोडलेले हात, आणि खाली लिहिलेलं: झालं गेलं विसरून जा. रागाच्या भरात तोंडातून निघालं. पुढच्या आठवड्यात अळ्यांची नवी बॅच येतेय, ये लवकर.

"ही माफी आहे?" मी म्हटलं.

"मग काय आहे?"

"हे कामाचं बोलावणं आहे. वर गुलाब चिकटवलाय. विसरून जा हा तर हुकूम झाला. आणि तोंडातून निघालं म्हणे. आपोआप निघालं का? जांभई आहे का ती?"

तो फणकारला. "मग तूच सांग काय लिहू. तू सांग, मी लिहितो."

"मी एक शब्द सांगणार नाही. तुझं तोंड, तुझे शब्द. पण एक करेन. ती चाखणी घ्यायची ना, तशी मी घेईन. तू लिही, तिला धाडायच्या आधी मला घाल. मी जगले तर तिला धाड."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. त्या दिवशी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रॅकना चुना लावता लावता थांबला, हात पुसले आणि फोन माझ्यापुढं धरला. तुला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं असेल तर मी माफी मागतो.

"असेल तर?" मी म्हटलं. "तुला शंका आहे? तू तिथं नव्हतास का?"

"तसं म्हणतात लिहिताना."

"म्हणत असतील. काढ."

त्यानं काढलं. मग चांगलं लांबलचक लिहून आणलं. ऊन किती होतं, पाला कसा नव्हता, रात्रभर झोप कशी नव्हती, काका येऊन कसे बोलले आणि डोकं कसं सटकलं. वाचताना मलाच दया यायला लागली त्याची. तिथंच मी सावध झाले. माफी वाचून मागणाऱ्याचीच दया यायला लागली तर त्यात काहीतरी काळंबेरं आहे.

"ऊन तिच्यासाठी वेगळं होतं का रे?"

"नाही."

"झोप झाली होती तिची?"

"नाही."

"मग ती का नाही बोलली तुला काही? तिला तर बोलायला जागा होती. पाला तू आणलास."

तो उठला आणि चुन्याची बादली लाथेनं उडवली. पांढरा चुना सगळ्या शेडभर झाला. "माझीच आई, आणि तिची वकिली करते. सगळी चूक माझीच का? ती पण पाला घालत होती ना. तिला थांबता आलं असतं."

"हे पण लिही," मी म्हटलं. "लिही, मी चुकलो पण तूही चुकलीस. आणि धाड. मग ती बहिणीकडं राहील आणि तू या बादलीशी संसार कर."

मी घरी निघून आले. खरं सांगते, मलाही राग होता. पोटच्या पोराचा राग येतो तो सगळ्यात वाईट, कुठं ठेवावा कळत नाही. संध्याकाळी बघते तर त्यानं गुडघ्यावर बसून फरशी घासली होती, चुन्यानं बोटांच्या पेरांची सालटी निघाली होती. फोन उंबऱ्यावर ठेवला होता, माझ्यासाठी.

मी नालायक आहे. तुझ्यासारखी बायको मला शोभत नाही. मी माणूसच नाही. जगून काय करू.

हे वाचून मी त्याच्याशेजारी फरशीवरच बसले. "खरंच मनात येतं का असं?"

त्यानं हातातलं फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाला, "नाही. पण असं लिहिलं की तिला पाझर फुटेल."

"फुटेल. ती म्हणेल, असं नका बोलू, जाऊ द्या. म्हणजे मार तिनं खाल्ला आणि मलम तिनंच लावायचं तुला. काढ."

"सगळंच काढायला लावतेस. उरतं काय मग?"

"तेच बघायचंय मला, काय उरतं."

दीर आले त्याच वेळी. त्यांनी शेवटचं ऐकलं असणार. खुर्ची ओढून बसले. "वहिनी, हे काय चाललंय? पोराला बायकोपुढं नाक घासायला लावता? आज माफी, उद्या ती डोक्यावर मिरे वाटेल. आमच्या दादानं कधी मागितली का माफी?"

"नाही मागितली," मी म्हटलं. "आणि भाऊजी, मी ते शेवटपर्यंत विसरले नाही. तुमचे दादा गेले, तरी माझं त्यांच्याकडं येणं बाकी आहे. तुम्हाला द्यायचं असेल त्यांच्या वतीनं तर द्या. नसेल तर गप्प बसा."

दिरांनी घसा साफ केला आणि पाणी मागितलं. पाणी दिलं मी.

तडतड्या त्यांच्याकडं बघत होता. अचानक म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही ऐकलं ना मी काय बोललो?"

"ऐकलं. जाऊ दे ना ते."

"जाऊ नका देऊ. ते खोटं होतं. बांधाकडचा पाला मी आणला. ती चाखणी घ्या म्हणाली, मी ऐकलं नाही. अळ्या माझ्यामुळं गेल्या. आणि बाळाचा तिच्या हातांशी काही संबंध नव्हता. मला माहीत होतं, तरी बोललो."

हे मी शिकवलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. दीर खुर्चीत हलले. म्हणाले, "मला कशाला सांगतोस?"

"तुमच्यासमोर बोललो होतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो कामाच्या दोघी बायकांकडं गेला. एकीनं दारातच उभं ठेवलं, उन्हात. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलं. पण आमच्याजवळ बोलून काय, तिच्याजवळ बोल." दुसरी नुसतीच मान हलवून कामाला लागली. शेजाऱ्यांपैकी एकजण हसला त्याच्या तोंडावर, बायकोचा गुलाम झालास म्हणून. तडतड्यानं मुठी वळल्या, मला दिसलं, कारण मी मागं उभी होते. मग तो वळला आणि चालायला लागला. बांधापर्यंत गेला, तिथं उभा राहिला, परत आला आणि त्या माणसाला सगळं सांगूनच निघाला.

येताना मी म्हटलं, "नव्या बॅचचं काय?"

"चारच दिवस राहिलेत. ती नसेल तर मला एकट्याला जमणार नाही."

"जमणार नाही हे खरंय. आणि तू आता मेसेज धाडलास तर तिला काय दिसेल?"

तो चालता चालता थांबला. पुढचं मला बोलावं लागलं नाही. त्यानं तिथंच रस्त्यात उभं राहून बाळअळ्या पुरवणाऱ्या केंद्राला फोन केला आणि आमच्या अळ्या दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. तिकडचा माणूस वैतागला असणार, कारण हा दोनदा म्हणाला, "हो साहेब, विचार करूनच सांगतोय." एक हंगाम गेला तर आमच्या घरात काय ओढाताण होते ती मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. पण हातांची गरज असताना मागितलेली माफी हातांसाठीच असते, हे मला चांगलं कळतं. चुलीपाशी ठेवलेल्या वस्तू मी उगाच उचलल्या नाहीत आयुष्यभर.

मग त्यानं लिहिलं. शेडच्या पायरीवर बसून, बोटांना फडकं बांधलेलं, चुकायचा आणि पुसायचा. मी समोर छाटलेल्या तुतीच्या काड्या सोलत बसले होते. शेवटी फोन दिला. आता मला तो मेसेज पाठच झालाय.

त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांसमोर मी तुझ्या हातांवर बोललो. आपलं बाळ गेलं त्यात तुझी काहीच चूक नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुला कुठं लागेल ते माहीत होतं म्हणूनच तिथं बोललो. पाला मी आणला होता. तू चाखणी घ्यायला सांगितलीस, मी घेतली नाही. अळ्या माझ्यामुळं गेल्या आणि दोष तुझ्यावर टाकला. मी चुकलो. मी तुझी माफी मागतो. तिथं जे जे होते त्यांना हे सांगून आलोय. इथून पुढं राग चढला की मी तोंड न उघडता बाहेर जाईन. नवी बॅच घेतली नाही, कामासाठी बोलवत नाही. उत्तर दिलं पाहिजे असं काही नाही.

खाली एक ओळ होती: आता मी कधीच रागावणार नाही.

"ही?" मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यानं मान खाजवली. "खोटं होईल ना ते?"

"तू सांग."

त्यानं ती काढली. मी फोन परत दिला. पुन्हा काड्या सोलायला लागले. त्यानं माझ्याकडं बघितलं. "जगलीस का?"

"जगले. धाड."

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. वाचलं. राग अजून आहे. एवढंच.

त्याचं बोट लगेच फोनवर गेलं. मला दिसलं त्याच्या मनात काय आलं ते. एवढं सगळं केलं, आता आणखी किती? बोट तसंच थांबलं. मग त्यानं फोन खिशात ठेवला, उठला आणि बांधाकडं चालत गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. असू दे, एवढंच लिहिलं त्यानं. मी त्याला जन्म दिलाय, पण त्या संध्याकाळी मला तो पहिल्यांदा मोठा झालेला दिसला.

छाटलेल्या तुतीला कोंब फुटले. कोंबांची पानं झाली. शेड रिकामं होतं, शेजाऱ्यांच्या शेडमधून खाण्याचा आवाज यायचा आणि आम्ही ऐकत बसायचो. दीर येता-जाता विचारायचे, "केलं का तिनं बोलावणं मान्य?" मी म्हणायचे, बोलावलं कुणी? त्यांना ते कळायचं नाही आणि मी समजावत बसले नाही.

एका सकाळी सून आली. हातात एक डबा, झाकणाला भोकं पाडलेला. मला नमस्कार केला नाही, मी वाटही बघितली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "आत्या, खरं सांगा. तो मेसेज तुम्ही लिहून दिलात ना?"

"नाही."

"त्यांना असं लिहिता येत नाही."

"तेही खरंय. मी फक्त काढायला लावलं. जे काढलं ते सगळं त्याचं होतं, आणि उरलं तेही त्याचंच. मी एक शब्द दिला नाही. दिला असता तर तुला आत्ता तोंड दाखवलं नसतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग शेडमध्ये गेली. तो रॅकच्या दोऱ्या आवळत होता. तिला बघून हातातली दोरी सुटली.

ती म्हणाली, "लिहिलंत ते तोंडानं बोला. इथंच उभं राहून."

तो बोलला. फोन न काढता बोलला. दोनदा अडखळला, बाळापाशी तर आवाजच गेला, पण थांबून पुन्हा तिथूनच बोलला. ऊन, पाला, झोप, काका, कुणीही मधे आलं नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपलं तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. पाल्याच्या चिकानं काळे पडलेले, चिरा गेलेले हात.

"यांच्यात तीन आठवडे बहिणीच्या शेडमधली बॅच जगलीय," ती म्हणाली. "कोष बांधलेत त्यांनी. तुम्हाला सांगायला आले होते, दुसरं काही नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला.

"राग गेलेला नाही माझा."

"असू दे."

"आणि बाळाचं बोलायचं आपण. तुम्ही कधी बोललाच नाहीत, आणि बोललात ते असं."

तो खाली बसला आणि रडला. तिनं समजूत काढली नाही, उठवलं नाही. रडू दिलं. मग बाहेर गेली, बांधाकडच्या ओळीतली चार पानं तोडून आणली. कोपऱ्यातली ती टोपली उचलली, धुतली, पुसली. डबा उघडला. बहिणीच्या बॅचमधल्या, कोष न बांधता मागं राहिलेल्या मूठभर अळ्या होत्या त्यात. त्या टोपलीत सोडल्या, वर पानं ठेवली आणि पुढं बसली. तोही जरा अंतर ठेवून बसला.

दुपारी दीर आले, दारातून डोकावले. म्हणाले, "आली का सूनबाई? चला, मिटलं एकदाचं. मग केंद्राला फोन लावू का बॅचसाठी?"

"अजून नाही, काका," तडतड्या टोपलीवरची नजर न काढता म्हणाला.

"अरे, मग कधी? किती वेळ बसणार त्या टोपलीपुढं?"

"ती म्हणेल तोवर."